संवाद पुटपुटतात, स्फोट गल्ली जागवतात: दोष कुठे आणि बटण कुठलं?

रात्री साडेदहानंतर इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एखाद्या घराबाहेर उभं राहिलं, तर आतला सिनेमा कुठला आहे हे कळणार नाही, पण हे दोन आवाज हमखास कानावर येतील. पहिला आजींचा: "काय म्हणाला रे तो? वाढव ना जरा." आणि मिनिटाभराने त्याच आजींचा: "अगं बाई! कमी कर, कमी कर, बाळ उठेल!" मधल्या वेळात रिमोटवरचा आकडा १४ वरून २६ वर गेलेला असतो आणि घाईघाईने परत १४ वर आलेला असतो.

टीव्ही बिघडलेला नाही. आजींचे कानही बहुतेक वेळा या प्रकरणात मुख्य आरोपी नसतात. सिनेमाचा आवाज ज्या मापात बनतो आणि घरात ज्या मापात ऐकला जातो, त्या दोन मापांचं जमत नाही. ते जमवण्याची सोय आपल्याच टीव्हीत, टीव्हीला खोचलेल्या स्ट्रीमिंग स्टिकमध्ये किंवा साउंडबारमध्ये बहुतेक वेळा असते. पण ती चुकीच्या ठिकाणी शोधली, तर बटण दाबूनही काही होत नाही आणि माणूस वैतागून सबटायटल लावून मोकळा होतो.

आधी दुखणं कोणतं ते ओळखा

"संवाद ऐकू येत नाहीत" या एका तक्रारीत तीन वेगवेगळी दुखणी असतात. औषधं वेगळी असल्यामुळे आधी निदान करायला हवं. त्याला पाच मिनिटं लागतात.

एक प्रसंग असा शोधा, जिथे दोन माणसं शांत खोलीत बोलत आहेत आणि मागे संगीत नाही. आवाज असा ठेवा की बोलणं आरामात कळेल. आता रिमोटला हात न लावता पुढे मारामारी किंवा गाणं येईपर्यंत पाहत राहा. बोलणं नीट कळत होतं, पण पुढचा दणका असह्य झाला, तर हे पहिलं दुखणं: हळू आणि मोठा यांतलं अंतर. नाइट मोड, म्हणजे दणका दाबून कुजबुज उचलणारी सोय, यासाठीच असतो.

शांत प्रसंगातलं बोलणं कळतं, पण मागे संगीत किंवा पाऊस सुरू झाला की शब्द त्यात बुडतात, हे दुसरं दुखणं. इथे नाइट मोड जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण तो संगीत आणि शब्द दोन्ही एकत्रच वरखाली करतो.

तिसरं दुखणं ओळखायला सर्वांत सोपं. शांत प्रसंगातही आवाज पोकळ येतो, माणसं शेजारच्या खोलीतून बोलत असावीत तसा, आणि संगीत मात्र खणखणीत असतं. याचा अर्थ बोलण्याची मुख्य वाहिनी कुठेतरी हरवली आहे. कुठे, ते पुढे येईलच.

थिएटरचं माप आणि बैठकीच्या खोलीचं माप

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. इथे एकच अंदाज लक्षात ठेवला तरी पुरे: १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

सिनेमाचं ध्वनिमिश्रण ज्या खोलीत होतं, तिथे पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरची पातळी एका ठरलेल्या मापाला, ८५ डेसिबलला, जुळवलेली असते. त्याच्या वर आणखी २० डेसिबलची जागा मोकळी ठेवलेली असते, म्हणजे दणका १०५ पर्यंत जाऊ शकतो. त्या अंधाऱ्या, जाड भिंतींच्या खोलीत कुजबुजही ऐकू येते आणि स्फोटही सोसवतो.

घरी पोहोचणाऱ्या प्रतीचं काय? नेटफ्लिक्सचं उदाहरण घेऊ, कारण त्यांचा नियम जाहीर आहे. संवादांची सरासरी पातळी उणे २७ आणि सर्वांत उंच टोक उणे २ च्या वर नाही. शून्य म्हणजे डिजिटल आवाजाचं छत, त्याच्या वर जाताच येत नाही. म्हणजे संवाद छताच्या २७ पायऱ्या खाली आणि दणका छताला टेकलेला. मधे २५ डेसिबलचं अंतर झालं.

आता हे बैठकीच्या खोलीत आणा. रात्री आपण संवाद साधारण ६० डेसिबलवर ऐकतो, समोरचा माणूस बोलावा तेवढे. मग दणका ८५ वर जाणार. आणि संवादापेक्षा १५ ने हळू असलेली कुजबुज ४५ वर येणार. डोक्यावर पंखा पाचवर फिरतोय, शेजारी कूलर घरघरतोय. त्या दोघांची गुणगुणच ४५ ते ५० च्या आसपास असते. कुजबुज त्यात गेलीच. ती ऐकण्यासाठी आजी आवाज १० ने वाढवायला सांगतात, की दणका ९५ वर पोहोचतो. बाळ उठतं.

बातम्या मात्र आजींना स्वच्छ ऐकू येतात, कारण बातम्यांमध्ये ही दरी ठेवलेलीच नसते. निवेदक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच उंचीवर बोलतो.

सहा वाट्यांचं ताट

साउंडबारच्या खोक्यावर किंवा ॲपच्या पाटीवर ५.१ लिहिलेलं असतं. म्हणजे आवाजाच्या सहा वेगळ्या वाहिन्या. हे सहा वाट्यांचं ताट समजा. समोर डावी, उजवी आणि मधली, मागे दोन, आणि सहावी फक्त खोल घुमणाऱ्या बेसची. सिनेमातलं बोलणं जवळजवळ सगळं मधल्या वाटीत असतं. संगीत डाव्या-उजव्यात, पाऊस आणि गर्दी मागच्यांत. खरंच सहा स्पीकर असतील, तर मधल्या स्पीकरला फक्त बोलण्याचंच काम उरतं आणि शब्द वेगळा उमटतो.

पण टीव्हीला दोनच तोंडं असतात. त्यामुळे सहा वाट्या दोन भांड्यांत ओताव्या लागतात. नेहमीची रीत अशी की मधली वाटी ३ डेसिबलने कमी करून दोन्हीत घालायची, मागच्या दोन आपापल्या बाजूला तशाच थोड्या कमी करून मिसळायच्या, आणि बेसची वाटी बहुतेक वेळा सोडून द्यायची. मधल्याला ३ ने कमी केलं म्हणून बोलणं हळू होतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते बरोबर नाही. तेच बोलणं दोन स्पीकरांतून निघतं, म्हणून खोलीत त्याची बेरीज जवळपास होती तिथेच येते. खरं नुकसान वेगळं आहे: आता बोलणं, संगीत आणि पाऊस एकाच छिद्रातून बाहेर पडतात, आणि ते छिद्र हल्लीच्या पातळ टीव्हीत जमिनीकडे किंवा भिंतीकडे तोंड करून असतं.

हे वाटतं त्यापेक्षा जास्त नडतं. स्वरांत आवाजाचा जोर असतो, पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून. स, श, फ, त, क यांचा मोठा भाग २,००० ते ८,००० हर्ट्झच्या वरच्या पट्टीत असतो. ही पट्टी सरळ रेषेत जाते आणि वळणावर थकते. भिंतीवर आपटून आलेल्या आवाजात "सात" आणि "हात" यांतला फरक पुसट होतो. वय वाढलं की कानांची तीच पट्टी आधी मंदावते. म्हणून आजी म्हणतात, "आवाज येतोय रे, शब्द कळत नाहीत." हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या अगदी अचूक आहे.

बंद पाकीट आणि सुटा माल

आता सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी समजावला जाणारा भाग.

ॲपकडून ५.१ आवाज येतो तो डॉल्बीच्या बंद पाकिटात. त्या पाकिटात आवाजाबरोबर एक चिठ्ठी असते. चिठ्ठीवर मुख्यतः दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: या सिनेमात संवादाची पातळी किती आहे, आणि रात्री ऐकायचं असेल तर कुठला क्षण किती दाबायचा आणि कुठला किती उचलायचा. दुसरी सूचना बेतलेली असते ती संवादाची पातळी मध्यभागी धरून.

पाकीट कुणीतरी फोडावंच लागतं. टीव्ही फोडेल, स्टिक फोडेल किंवा साउंडबार फोडेल. फोडल्यानंतर जो सुटा आवाज पुढच्या यंत्राला मिळतो, त्याला सेटिंगमध्ये `PCM` म्हणतात. सुट्या मालाबरोबर चिठ्ठी जात नाही.

यातून एक साधा नियम निघतो: ज्या यंत्राचा नाइट मोड वापरायचा आहे, पाकीट त्याच यंत्रात फुटलं पाहिजे. टीव्हीने आधीच पाकीट फोडून साउंडबारला सुटा माल दिला असेल, तर साउंडबारचा डॉल्बी नाइट मोड कोऱ्या कागदाकडे बघत बसतो. बटण दाबलं की दिवा लागतो, पडद्यावर `NIGHT` येतं आणि आवाजात फरक शून्य. "आमच्या बारचा नाइट मोड काही कामाचा नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

काही बारमध्ये चिठ्ठीवर अवलंबून नसलेला स्वतःचा दाबयंत्रणेचा मोड असतो, तो सुट्या मालावरही चालतो. आपला बार कुठल्या जातीचा, हे माहितीपुस्तिकेत शोधत बसण्यापेक्षा एक दणक्याचा प्रसंग दोनदा लावा, एकदा मोड बंद, एकदा चालू. फरक पडला नाही, तर बार चिठ्ठीवाला आहे आणि चिठ्ठी पोहोचत नाहीये.

नाइट मोड किती दाबतो, किती उचलतो

पूर्वी हे काम घरातलं धाकटं माणूस रिमोट हातात घेऊन करायचं. नाइट मोड तेच करतो, फक्त त्याला पुढे काय येणार ते आधीच लिहून मिळालेलं असतं, त्यामुळे त्याला उशीर होत नाही.

चिठ्ठीवरच्या सूचना काही ठरीव साच्यांतून निवडलेल्या असतात. सिनेमासाठी नेहमीचा साचा `Film Standard`. त्याचं गणित आपल्या घरातल्या आकड्यांना लावून बघू. संवाद ६० वर आहे. त्याच्या वरचे पहिले ५ डेसिबल साचा तसेच राहू देतो. त्यावरच्या १० डेसिबलचे निम्मे, म्हणजे ५ करतो. त्यापुढचं सगळं वीस पटीने चेपतो, म्हणजे १० चे अर्धा उरतो. आपला दणका संवादापेक्षा २५ ने वर होता. तो आता ५ अधिक ५ अधिक अर्धा, म्हणजे साडेदहाने वर राहिला. ८५ चा झाला साधारण ७०. उलट बाजूला, ४५ ची कुजबुज जास्तीत जास्त ६ ने उचलली जाते आणि ५१ वर येते. पंख्याच्या वर जेमतेम नाक निघालं, पण निघालं. आणि संवाद? तो ६० वर होता तिथेच आहे.

ही पूर्ण मात्रा झाली. बऱ्याच यंत्रांत कमी, मध्यम, जास्त अशा पायऱ्या असतात, तिथे परिणाम त्या प्रमाणात.

किंमत काय मोजावी लागते? दणक्याचा धसका जातो. कधी कधी बोलण्याच्या मधल्या शांततेत पावसाचा किंवा वाऱ्याचा आवाज फुगून वर येतो आणि शब्द सुरू झाला की खाली बसतो, जणू सिनेमा धापा टाकतोय. हे फार जाणवलं तर बहुतेक वेळा कारण असं असतं की दोन यंत्रं एकाच वेळी दाबत आहेत: टीव्हीचा `Auto Volume` आणि बारचा नाइट मोड. एकच ठेवा. चिठ्ठी वाचणारा ठेवलेला बरा, कारण `Auto Volume` ला संवाद आणि भांडी पडल्याचा आवाज यांतला फरक कळत नाही.

एक घर, रिमोट हातात घेऊन

समजा घर असं आहे: भिंतीवर ४३ इंची टीव्ही, ॲप टीव्हीतच आहे. खाली २.१ साउंडबार, म्हणजे डावा, उजवा आणि एक वूफर. बारवर डॉल्बीचं चिन्ह आहे, रिमोटवर `NIGHT` आणि `VOICE` ही दोन बटणं आहेत. टीव्हीपासून बारपर्यंत ऑप्टिकल केबल. आजी तीन मीटरवर खुर्चीत.

शांत प्रसंग लावला: बोलणं कळतं. दणका आला: असह्य. पहिलं दुखणं नक्की. `NIGHT` दाबून तोच प्रसंग पुन्हा: फरक नाही. म्हणजे चिठ्ठी पोहोचत नाही.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाच्या विभागात जा. सॅमसंगवर ही ओळ `Expert Settings` मध्ये `Digital Output Audio Format` या नावाने असते, एलजीवर `Digital Sound Output`, सोनीवर `Digital audio out`. तिथे `PCM` निवडलेलं सापडतं. ते बदलून `Auto` करा. काही टीव्हींवर `Dolby Digital` असा थेट पर्याय असतो, तो असेल तर ऑप्टिकल केबलसाठी तोच घ्या. त्याच फेरीत टीव्हीचा `Auto Volume` बंद करा. मग ॲपमध्ये सिनेमा थांबवून ऑडिओच्या यादीत ५.१ लिहिलेली प्रत निवडली आहे ना, ते बघा.

आता सिनेमा सुरू केला की दचकायला होईल, कारण एकूण आवाजच कमी झालेला असेल. घाबरू नका, हे चिठ्ठीतल्या पहिल्या ओळीमुळे होतं. डॉल्बी उघडणारं यंत्र सगळ्या सिनेमांचे संवाद एकाच उंचीवर, उणे ३१ वर, आणून ठेवतं. उणे २७ चा सिनेमा ४ डेसिबलने खाली येतो. बारचा आकडा १४ चा २० करा आणि पुढे जा. याच टप्प्यावर अनेक जण "पहिल्यापेक्षाही हळू झालं" म्हणून सगळं परत `PCM` वर आणतात आणि तिथेच अडकतात.

बोलणं पुन्हा आरामात कळेल असा आकडा लावला, `NIGHT` दाबलं आणि तोच दणका पुन्हा आणला. आता रिमोटला हात लावावा लागत नाही.

राहिला तो प्रसंग, जिथे संवादामागे जोरदार संगीत आहे. तो अजूनही अर्धवटच कळतो, कारण ते दुसरं दुखणं. त्यासाठी `VOICE`. हे बटण व्यंजनांची वरची पट्टी उचलतं आणि घुमणारी खालची पट्टी थोडी आवरतं. आवाज किंचित टोकदार, कर्कशही वाटू शकतो. आजी असताना चालू, क्रिकेट बघताना बंद, असा व्यवहार ठेवायला हरकत नाही. वूफरची पातळी दोन-तीन पायऱ्या उतरवली तरी बराच गाळ खाली बसतो, आणि खालच्या मजल्यावरचे काकाही निवांत झोपतात.

इथे कुठे घोडं अडतं

`Auto` केल्यावर बारमधून काहीच आवाज आला नाही किंवा नुसती खरखर आली, तर बारला डॉल्बीचं पाकीट फोडता येत नाही. त्याला `PCM` च द्या आणि दाबण्याचं काम टीव्हीच्या `Auto Volume` कडे सोपवा. बाजारातल्या स्वस्त बारमध्ये आणि जुन्या होम थिएटरमध्ये हे नेहमी दिसतं. खोक्यावर ५.१ लिहिलेलं असतं, पण ती फक्त स्पीकरांची मोजदाद असते. मागे दोनच पिना असतील, एक लाल, एक पांढरी, तर आत दोन वाट्यांचाच माल जातो आणि उरलेले स्पीकर त्याचीच नक्कल वाजवतात.

ॲप टीव्हीत नसून एचडीएमआयला लावलेल्या स्टिकमध्ये असेल तर आणखी एक गाठ आहे. काही टीव्ही एचडीएमआयने आत आलेला डॉल्बी ऑप्टिकलने बाहेर सोडत नाहीत, दोन वाहिन्यांचा सुटा मालच देतात. सेटिंग बरोबर असूनही `NIGHT` मुका राहिला, तर हेच. टीव्ही आणि बार दोघांवर `ARC` लिहिलेलं एचडीएमआय भोक असेल, तर ऑप्टिकल काढून तिथे केबल लावा.

बारच नसेल, टीव्हीचेच स्पीकर असतील, तर उलटा रस्ता घ्या. ऑडिओच्या यादीत ५.१ ऐवजी तीच भाषा साधी, म्हणजे स्टिरिओ, मिळत असेल तर ती निवडा. यादीत नसेल तर गूगल टीव्हीच्या स्टिकवर `Settings`, मग `Display & Sound`, मग `Advanced sound settings` मध्ये सराउंडचा पर्याय `None` करा. ॲपला दोनच तोंडं दिसली की ते स्टिरिओ प्रत पाठवतं. ॲपल टीव्हीवर `Video and Audio` मध्ये `Reduce Loud Sounds` आहे, तो पेटीतलाच नाइट मोड. त्यामुळे पुढे काय जोडलंय याने फारसं बिघडत नाही. प्राइम व्हिडिओने २०२३ मध्ये काही निवडक इंग्रजी मालिका-सिनेमांना `Dialogue Boost` नावाची वेगळी प्रत दिली. ऑडिओच्या यादीत ती `Medium` आणि `High` अशी दिसते. दुसऱ्या दुखण्यावर मला यापेक्षा चांगलं औषध माहीत नाही, कारण त्यात संगीताच्या तुलनेत बोलणंच पुढे आणलेलं असतं. फक्त ती सगळीकडे मिळत नाही.

"५.१ चे पैसे भरतो, मग स्टिरिओ का ऐकू?"

प्रश्न रास्त आहे. पण दोन स्पीकरांच्या टीव्हीवर ५.१ निवडलं तरी कानावर येतं ते स्टिरिओच. प्रश्न एवढाच की सहा वाट्या दोनांत कोण ओततं. ॲपची स्टिरिओ प्रत घेतली तर ते आधीच झालेलं असतं. ५.१ घेतलं तर टीव्हीतली चिप ऐन वेळी करते, आणि सगळ्या चिप सारख्या निगुतीने करत नाहीत. दोन्ही प्रती एकाच प्रसंगावर ऐका आणि ज्यात शब्द कळतो ती ठेवा. पाटीवरच्या आकड्याचा मान राखण्याची सक्ती नाही.

खरा मधला स्पीकर असेल, म्हणजे बार ३.१ किंवा त्याच्या वरचा असेल, तर मात्र स्टिरिओवर जाऊ नका. तिथे मधली वाटी वेगळी पोहोचणं हीच मिळकत आहे, आणि दुसऱ्या दुखण्याचं औषधही तिथेच: सेटिंगमध्ये `Center` ची पातळी ३ डेसिबलने वाढवा. ६ च्या वर नेलं तर बोलणं पडद्यातून येण्याऐवजी बारवर कुणी बसून बोलतंय असं वाटायला लागतं.

संगणकावर संवाद गायब

तिसऱ्या दुखण्याचा, पोकळ आवाजाचा, सगळ्यात नेहमीचा पत्ता म्हणजे लॅपटॉप किंवा पीसी. विंडोजला कुणीतरी ५.१ स्पीकर आहेत असं सांगून ठेवलेलं असतं आणि जोडलेले असतात दोनच. मग मधली वाटी अशा स्पीकरला पाठवली जाते जो अस्तित्वातच नाही. ऐकू येतो तो फक्त बोलण्याचा डाव्या-उजव्यांत सांडलेला प्रतिध्वनी. `Win` आणि `R` एकत्र दाबून हे लिहा:

```
mmsys.cpl
```

उघडलेल्या खिडकीत आपले स्पीकर निवडून `Configure` दाबा आणि `Stereo` करा. बोलणं लगेच परत येतं. दणक्यांचा त्रास असेल तर व्हीएलसीमध्ये `Tools`, `Effects and Filters`, तिथे `Compressor` चालू करा. घरात खरंच पाच स्पीकर असून आवाज पोकळ येत असेल, तर सेटिंगला हात लावण्याआधी मधल्या स्पीकरची तार हलवून बघा.

बार नीट ठेवलाय का?

सेटिंग सगळी जमली तरी बार शोकेसच्या खणात आत सरकवलेला असेल, तर वरची पट्टी खणाच्या कडेवर आणि फळीवर आपटून पसरते. त्याची पुढची कड फळीच्या कडेच्या बरोबरीला, किंचित बाहेर आली तरी चालेल. त्याच्यापुढे गणपती, फोटोफ्रेम आणि रिमोटची टोपली नको. आपल्याकडे कोटा फरशी आणि उघड्या भिंती असतात, त्यामुळे प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. बार आणि आजींची खुर्ची यांच्या मधे जाड सतरंजी अंथरा आणि समोरच्या भिंतीवर पडदा ओढा. मग `VOICE` एक पायरी कमी करून बघा, आणि आजींना शेवटचं वाक्य काय होतं ते विचारा.